डबाताईची भूक

बाइंडरीत तिला सगळे डबाताई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी मालकांच्या तोंडून ऐकू यायचं तेवढंच. इतर बायकांच्या पिशवीत एक डबा असायचा, हिच्या पिशवीत तीन, वर चार केळी आणि बिस्किटांचा पुडा. छापखान्यातून आलेले फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी घालून, जुळवून, शिवणीपर्यंत तयार करणं हे तिचं काम. हात असा चालायचा की शेजारी बसणारी तिची जोडीदारीण म्हणायची, "हिची घडी पडली की कागदालाच वाटत असेल, आपण जन्मलो तेच असे." पण घडी घालताना मधेच हात थांबायचा, पिशवीत जायचा, आणि तोंड हलू लागायचं. मग कुणीतरी हमखास म्हणायचं, "चला, इंजिनात कोळसा पडला!"

डबाताई हसायची. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आपल्यावरचा विनोद आपणच पुढे नेला की तो कमी टोचतो, हे ती फार लवकर शिकली होती.

ती काही जन्मापासून खादाड नव्हती. लग्नात तर इतकी बारीक होती की सासूबाई म्हणाल्या होत्या, वाऱ्यानं उडाली तर शोधायची कुठं? पन्नाशी जवळ आली आणि ही भूक मागे लागली. पोटात कावळे ओरडणारी साधी भूक नव्हती ती. सकाळी डोळे पुरते उघडायच्या आत हात थरथरायचे, मानेखाली उशी ओली झालेली असायची, छातीत धडधड, आणि पोटात असा खड्डा पडायचा की जणू लिफ्टची दोरी तुटलीय. दोन बिस्किटं पोटात गेली की थोड्या वेळात सगळं जागच्या जागी. मग काय, ती खायची. खाल्लं की बरं वाटायचं, म्हणून आणखी खायची. अंगावर चरबी चढत गेली, ब्लाउजांच्या शिलाया उसवून झाल्या, नवे ब्लाउज झाले, तेही उसवले.

एकदा नातलगांच्या घरी जेवताना नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, ताटाला जरा श्वास तरी घेऊ द्या!" सगळे हसले. डबाताईही हसली. मग हात धुवायच्या निमित्तानं आत गेली, कडी लावली आणि पर्समधलं बिस्किट खाल्लं, कारण हात थरथरू लागले होते. आरशात बघत ती स्वतःला म्हणाली, "मेली ही जीभच लोचट." तिला ते मनापासून खरं वाटत होतं.

घरात नवरा आणि मुलगी. नवरा नळाची कामं करायचा. माणूस शांत, बोलणं मोजकं, पण पाईप गळत असेल तिथं पाईपशी तासभर गप्पा मारेल. मुलगी पोहण्याच्या तलावावर शिकवायची. अंगात शिस्त, बोलण्यात शिट्टी. आईचा श्वास जिना चढताना लागतो, हे बघून तिनं एक दिवस ठरवलं की आता पुरे.

"आई, आजपासून रात्रीचं जेवण सातच्या आत. मग सकाळी फिरून येईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. पोटाला जरा सुट्टी दे."

"अगं, मला सकाळी काहीतरी लागतंच."

"लागतं म्हणूनच तर सोडायचं."

घराजवळच्या डॉक्टरांनीही तिचीच बाजू घेतली. जेवणानंतरची साखर तपासली होती, ती ठीक होती. "काही नाही हो, वजन उतरवा," म्हणाले. मुलीनं आईकडे असं बघितलं, की बघ, मी नव्हते सांगत?

डबाताईनं मनावर घेतलं. मुलगी आपल्यासाठीच जीव तोडतेय हे तिला कळत होतं. पिशवीतला एक डबा कमी झाला, बिस्किटांचा पुडा गेला. आणि आगीतून फुफाट्यात पडावं तसं झालं.

पहिल्याच आठवड्यात सकाळी फिरायला गेलेली डबाताई एका अनोळखी घराच्या पायरीवर बसलेली सापडली. त्या घरमालकाला ती ठासून सांगत होती की हे माझं घर आहे आणि तुम्ही आत कसे आलात? कुणीतरी तिला बाकावर बसवून गोड चहा पाजला, तेव्हा ती भानावर आली. तिला काही म्हणजे काही आठवेना. मग एकदा शेजारच्या वयस्कर काकांना तिनं अशी शिवी दिली, की ती शिवी तिला येते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. दुपारी मुलीनं ती सांगितली, तेव्हा डबाताईनं कानावर हात ठेवले.

"मी? काकांना?"

"तूच. आणि वर हसलीस."

कुणी म्हणालं, वय आहे, या वयात बायकांचं होतं असं. कुणी डोक्याकडे बोट दाखवलं. मेंदूच्या डॉक्टरांनी फिटची शंका घेतली, गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगू लागली, आणि सकाळचे प्रकार होतेच. रात्री झोपताना ती स्वतःला घाबरू लागली. सकाळी आपण कोण म्हणून उठणार, याचा भरवसा उरला नव्हता. नवरा तिच्याआधी उठून नुसता बसून राहायचा.

तशातच मुलीला उशीच्या अभ्र्यात बिस्किटं सापडली.

"चोरून खातेस? या वयात? मी कुणासाठी करतेय हे सगळं?"

डबाताईनं मान खाली घालून अभ्रा झटकला. चोरी पकडली गेली होती. त्या दिवशी तिनं ठरवलं, आता तोंडावर ताबा ठेवायचाच. दुसऱ्या दिवशी ती काहीही न खाता कामावर गेली.

शाळेच्या पुस्तकांचं काम निघालेलं होतं, बाइंडरीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जोडीदारणीच्या लक्षात आलं की डबाताईच्या घड्या उलट्या पडतायत. मग तिनं बघितलं तर कपाळावरचा घाम कागदावर टपटप गळत होता. "अगं, काय करतेस?" तर डबाताई तिच्याकडे बघून ओळख नसल्यासारखी गोड हसली, उठली, आणि कटिंग मशीनकडे चालत गेली. तिथं कागदाची गंजी लावलेली होती. पातं खाली यायच्या बेतात, आणि हिनं गंजी सारखी करायला हात पुढे केला.

जोडीदारणीनं मागून पदर धरून अशी ओढली, की दोघीही खळीच्या बादलीवर जाऊन पडल्या. मशीन थांबलं. सगळी बाइंडरी गोळा झाली. खळीनं माखलेली डबाताई जमिनीवर बसून काहीतरी पुटपुटत होती.

बाइंडरीचे मालक केबिनमधून धावत आले. मालकांना स्वतःला कित्येक वर्षांचा मधुमेह. साखर बघायचं यंत्र सदा टेबलाच्या खणात. हा घाम, ही थरथर, हे भलतंच बोलणं त्यांच्या ओळखीचं होतं. इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला की त्यांचंही असंच व्हायचं. "बघू तर खरं," म्हणून त्यांनी नवी सुई लावून तिच्या बोटातून थेंब काढला.

आकडा आला अडतीस.

"यंत्र बिघडलं वाटतं," ते म्हणाले. उपाशीपोटी सत्तर ते शंभरच्या मधे असायला हवी, एवढं त्यांना पाठ होतं. त्यांनी स्वतःची बघितली, ती नेहमीसारखी चढलेली. पुन्हा तिची बघितली. छत्तीस.

"साखर आणा! पाणी आणा! पळा!"

ती अजून गिळू शकत होती. जोडीदारणीनं डोकं मांडीवर धरून चमच्याचमच्यानं साखरपाणी पाजलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डबाताईचे डोळे जागेवर आले. तिनं इकडेतिकडे बघितलं, हातावरची खळ बघितली, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "फर्मे ओले कुणी केले?"

जोडीदारीण हसता हसता रडायलाच लागली.

मालकांनी मात्र हळू आवाजात विचारलं, "ताई, खरं सांगा. माझ्या खणातल्या मधुमेहाच्या गोळ्या चुकून घेतल्यात का? किंवा घरी कुणाच्या?"

"नाही हो मालक. घरात मधुमेह कुणालाच नाही."

"मग तुमची साखर खाली ओढतंय कोण?"

त्यांनी लगेच आपल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या हार्मोनच्या तज्ज्ञ, मोठ्या हॉस्पिटलात बसायच्या. दुसऱ्याच दिवशी नवरा, मुलगी आणि मधे डबाताई असे तिघं त्यांच्या समोर बसले.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. हे सगळं खाण्याआधी होतं की नंतर? खाल्लं की जातं का? वजन कधीपासून वाढलं? डबाताई मान खाली घालून उत्तरं देत होती. शेवटी तिनं आपणहूनच कबूल करून टाकलं, "मॅडम, माझं खाणंच फार आहे. डाएट दिलं होतं मुलीनं. माझ्याच्यानं नाही झालं."

"बरं झालं नाही झालं ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही खात होतात म्हणून आजवर उभ्या होतात."

डबाताईनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिच्या खाण्याबद्दल कुणी असं काही बोललं नव्हतं.

"मला शंका आहे ती सांगते," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "आपण जेवतो, रक्तात साखर वाढते. पोटात मागच्या बाजूला स्वादुपिंड असतं, त्याला ते कळतं, आणि ते इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन साखरेला पेशींत धाडतं, उरलेली यकृतात साठवायला लावतं. साखर उतरली की ते उतरणंच स्वादुपिंडाला सांगतं, आता पुरे. मग इन्सुलिन आपोआप कमी होतं. आणखी उतरली तर त्याच स्वादुपिंडातल्या दुसऱ्या पेशी ग्लुकागॉन सोडतात. ते यकृताला म्हणतं, साठा मोकळा कर. साखर पुन्हा वर. दिवसरात्र हे असं चाललेलं असतं, म्हणून तर माणूस रात्रभर उपाशी झोपून सकाळी शहाण्यासारखा उठतो."

"टाकीतल्या बॉलसारखं," नवरा पहिल्यांदाच बोलला. "पाणी चढलं की नळ बंद, उतरलं की चालू."

"तसंच काहीसं."

"म्हणजे हिचा बॉल अडकलाय."

"अडकलाय. फक्त इथं पाणी बाहेर नेणारा नळ उघडा राहिलाय. साखर तळाला गेली तरी इन्सुलिन सुटतच राहत असावं. भूक, घाम, थरथर ही शरीराची ओरड होती, काहीतरी खा म्हणून. मेंदू साखरेवर चालतो. त्याला ती मिळाली नाही की माणूस दुसऱ्याच्या घराला आपलं घर म्हणतो."

"आणि काकांना शिवी देतो?" डबाताईनं विचारलं.

"देतो. ती तुम्ही नव्हे, तुमची उतरलेली साखर बोलत होती."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिचं नाक लाल झालं होतं.

पण शंका आणि खात्री यात फरक असतो. खात्रीसाठी हॉस्पिटलात दाखल होऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली उपाशी राहायचं होतं. साखर पडेपर्यंत. ऐकून डबाताईला हसू फुटलं. "सगळ्या जगात उपास करायला तुम्हाला मीच सापडले?"

रात्रीचं जेवण झालं आणि तिचा उपास सुरू झाला. नुसतं पाणी. हाताला सुई लावलेली, नर्स येऊन बोटातून थेंब घेऊन जायची. साखर उतरू लागली तशा तिच्या फेऱ्या वाढल्या. मुलगी खुर्ची ओढून शेजारी बसली होती. सकाळी शेजारच्या पलंगावरच्या बाईचा पाव आला, त्याच्या वासानं डबाताईचे डोळे भरून आले.

"आई, थोडं थांब," मुलगी म्हणाली. आणि मग स्वतःच, "हेच मी रोज म्हणत होते ना तुला?"

"तू कशाला वाईट वाटून घेतेस? मलाच कुठं ठाऊक होतं."

दुपारच्या सुमाराला मासिकातली अक्षरं डबाताईला दोन दोन दिसू लागली. तेवढंच तिला आठवतं. पुढचं मुलीनं सांगितलं. तिनं नर्सला मावशी म्हटलं, चादरीला घड्या घालायला लागली, सुई काढून टाकायला निघाली. डॉक्टरीणबाई आल्या. यंत्रावर चौतीस होती, तरी त्यांनी शांतपणे शिरेतून रक्त घेतलं, नळ्या भरल्या, आणि मग ग्लुकागॉनचं इंजेक्शन दिलं. थोड्या थोड्या वेळानं पुन्हा थेंब. आकडा चढू लागला. वर वर येत गेला, आणि डबाताई वर आली.

"चादरीला घड्या कुणी घातल्या?" तिनं विचारलं. नर्सनं हसत तिच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला होता. साखर चौतीस असताना इन्सुलिन रक्तातून जवळजवळ नाहीसं व्हायला हवं होतं. ते भरपूर होतं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर एक तुकडा सुटतो, टोचून घेतलेल्यात तो नसतो. तो तुकडाही भरपूर सापडला. साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा मागमूस नाही. आणि ग्लुकागॉन देताच साखर चढली, म्हणजे यकृतात साठा होता. इन्सुलिननं त्याला कुलूप घातलं होतं. थोडक्यात, स्वादुपिंडात कुठंतरी एक लहानशी गाठ होती, जी कुणाचंच ऐकत नव्हती.

"गाठ" म्हटल्यावर मुलीनं आईचा हात धरला. "बहुतेक अशा गाठी कॅन्सरच्या नसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी सापडू तर द्या."

आणि स्कॅनमध्ये ती सापडेना. आठवडा असाच गेला. मग तोंडातून नळी घालून, जठरातून आत बघणारी सोनोग्राफी झाली. तिथं ती दिसली. स्वादुपिंडाच्या मध्यावर, वाटाण्याहून थोडी मोठी. "एवढीशी?" नवरा पडद्याच्या फोटोकडे बघून म्हणाला. "एवढ्याशा वायसरनं घर बुडवलं होतं!"

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत डबाताईनं उपाशी राहायचं नव्हतं. मुलगी आता रात्री गजर लावून उठायची आणि आईला झोपेतून उठवून खायला घालायची. "आ कर," म्हणायची. लहानपणी हिला भरवायला घरभर पळावं लागायचं, हे आठवून डबाताई निमूट तोंड उघडायची. उशीच्या अभ्र्यात बिस्किटं आता मुलगीच ठेवत होती.

ऑपरेशन सकाळी झालं. सर्जननं गाठ तेवढी सोलून काढली, बाकी स्वादुपिंड जिथल्या तिथं ठेवलं. बाहेर येऊन म्हणाले, "निघाली. आतच साखर चढायला लागली, चांगलं लक्षण आहे."

पण साखर चढायची थांबेना. संध्याकाळी दोनशेच्या वर. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मुलीनं कपाळाला हात लावला. "आता मधुमेह? एक गेलं नि दुसरं आलं?"

डॉक्टरीणबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी या आकड्याचीच वाट बघत होते. अगं, तुझ्या आईच्या स्वादुपिंडातल्या बाकीच्या पेशी चांगल्याच आहेत. पण गेली कित्येक वर्षं त्यांना साखर सदा कमीच दिसत होती. साखर कमी म्हणजे इन्सुलिन सोडायचं नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी तो पाळला, आणि गप्प झोपून राहिल्या. आता गाठ गेलीय, साखर वाढलीय. त्यांना जाग यायला थोडे दिवस लागतील."

"आणि नाही आली तर?"

"येईल. आपण लक्ष ठेवू, लागलं तर वरून थोडं इन्सुलिन देऊ."

मुलगी प्रत्येक थेंबाच्या वेळी नर्सच्या खांद्यावरून वाकून बघायची. दोनशे चाळीस. दोनशे वीस. एकशे नव्वद. मधेच पुन्हा थोडी वर, की तिचा जीव टांगणीला. मग एकशे साठ. वरून फारसं काही न देता, आपल्या आपण, आकडा उतरत गेला. एका सकाळी उपाशीपोटी ब्याण्णव आली. नर्स काही बोलायच्या आत मुलगीच वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडली, "ब्याण्णव!" शेजारच्या पलंगावरची बाई दचकून म्हणाली, "कुणाला मार्क पडले गं एवढे?"

"माझ्या आईला!"

ब्याण्णवच्या खाली मात्र साखर उतरून बुडाली नाही. त्याच्या आसपासच राहिली. गाठीचा रिपोर्टही आला: निरुपद्रवी. तिघांचाही जीव भांड्यात पडला.

काही महिन्यांनी तपासणीला पुन्हा उपाशीपोटी जायचं होतं. फिटच्या गोळ्या कधीच बंद झाल्या होत्या. डबाताईचं वजन हळूहळू उतरत होतं, कुणी न सांगता. त्या सकाळी ती उठली, आवरलं, बसनं हॉस्पिटलात आली, रांगेत बसली, रक्त दिलं, आणि रिपोर्टची वाट बघत शेजारच्या आजींना स्वेटरची वीण विचारत बसली. हात स्थिर होते. नवराही तिच्यासोबत उपाशी आला होता. ती खात नसताना आपण कसं खायचं, म्हणून.

शहाऐंशी. "आता वर्षानं या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर ऊन पडलं होतं. रस्त्यापलीकडे पावाच्या दुकानातून गरम वास येत होता. नवरा थबकला.

"अगं," तो म्हणाला, "मला फार भूक लागलीय. हात थरथरायला लागलेत."

डबाताईनं त्याच्याकडे बघितलं, आणि रस्त्यात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग त्याचा हात धरून त्याला दुकानात नेलं, बाकावर बसवलं, आणि समोर बसून म्हणाली, "सावकाश खा हो. मला काही घाई नाही."